घड्याळाच्या काट्यांवरची काळी रेघ

त्या रुमालावरची काळी रेघ मी ओढली. मास्टरनं नाही, अक्कानं नाही. साठ वर्षांहून जास्त काळ हे वाक्य मी कुठंच लिहिलं नाही, म्हणून आधी तेवढं लिहून टाकतो. बाकीचं सांगताना मधूनमधून हसू आलं तर वाचणाऱ्यानं रागावू नये. त्या महिन्यांत मी सारखा हसतच असे. माझं लग्न ठरलं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. मद्रासच्या वेस्ट मांबलमला आम्ही, घरात मराठी बोलणारी माणसं, राहत होतो आणि मैलापूरला, तळ्यापासून दोन गल्ल्या आत, एका जुन्या बंगल्यात माझी नोकरी होती. हातमागाचे नवे नमुने तयार करण्यासाठी सरकारनं ते केंद्र काढलं होतं. पुढच्या दिवाणखान्यात आमची रेखाटनाची टेबलं, मागच्या पडवीत चार माग आणि परसात विहिरीजवळ रंगाची घंगाळं. मी कागदावर चौकोन चौकोन आखून नमुने काढायचो. डिप्लोमा होता, हातात पगार होता, आणि तंजावूरची एक मुलगी मला हो म्हणाली होती. सकाळी सायकल मारताना मी दोन्ही हात सोडून द्यायचो. एकदा तळ्याच्या कोपऱ्यावर नारळवाल्याच्या ढिगात जाऊन आदळलो आणि उठलो तोही हसत. नारळवाला शिव्या द्यायचाच विसरला. अम्मा म्हणायची, "ह्याला लग्नाआधीच वेड लागलंय, मुलीकडच्यांना कळवायला हवं."

त्याच सुमारास आंध्रातल्या चिराल्याहून एक विणकर आणि त्याची बायको आमच्या केंद्रात आले. आम्ही त्यांना मास्टर आणि अक्का म्हणायचो. दोघंही पन्नाशीच्या अलीकडचे. मास्टर किडकिडीत, गंभीर, बोलण्याआधी घसा साफ करणारा. अक्का त्याच्या दुप्पट रुंद आणि चौपट बोलकी. माझ्याशी दोघं तमिळमध्ये बोलत, म्हणजे तेलुगूच, पण तमिळच्या चालीवर. मास्टर मला सर म्हणे. अक्का पहिल्या दिवसापासून तम्मुडू म्हणाली. तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ.

त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. त्या मुदतीत मास्टरनं एक नमुन्याचा रुमाल विणायचा, दिल्लीहून परीक्षक येऊन तो पाहणार, पसंत पडला तर मास्टरला केंद्रात कायम करायचं. अक्कानं याचा अर्थ मला पहिल्याच आठवड्यात समजावून दिला. "तिकडे गावात सावकार-व्यापाऱ्याच्या मर्जीवर माग चालतो, तम्मुडू. तो म्हणाला विणा तर विणायचं, तो म्हणाला थांबा तर चूल थांबते. इथं कायम झालो तर म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहायला नको." मग लगेच हसून म्हणाली, "आणि इथं समुद्र आहे. ह्यांना पोहता येत नाही. भांडण झालं की धमकी द्यायला बरं."

त्यांचा रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. दोन हातांहून थोडा मोठा चौकोन, डोक्याला गुंडाळायचा किंवा खांद्यावर टाकायचा. तांबडा, काळा आणि पांढरा. त्याचं सूत आधी कितीतरी दिवस तेलात आणि एरंडाच्या टरफलांच्या राखेच्या पाण्यात मळायचं, वाळवायचं, पुन्हा मळायचं. त्यामुळे तांबडा रंग सुताला घट्ट धरतो. आमच्या सगळ्या बंगल्याला तेलाचा वास येऊ लागला. साहेब, म्हणजे आमचे प्रमुख, नाकाला रुमाल लावून फिरत. तो खिशातला.

आणि नक्षी कापडावर काढायची नाही, सुतावरच काढायची, विणण्याच्या आधी. हे मला डिप्लोम्यात शिकवलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते इथंच. सूत चौकटीवर ताणून, धाग्यांचे झुबके करून, माझ्या कागदावरच्या चौकोनांप्रमाणे अक्का कोळशानं खुणा करायची. जे भाग पांढरे राहायला हवेत ते दोऱ्यानं करकचून बांधायची. मग मास्टर सूत तांबड्या रंगात बुडवायचा. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. वाळलं की जे तांबडं राहायला हवं तेही बांधायचं आणि सूत काळ्यात बुडवायचं. शेवटी सगळ्या गाठी सोडल्या की हातात येतं ते तुकड्यातुकड्यांनी रंगलेलं सूत, ज्यात नक्षी आहे पण दिसत नाही. उभे धागेही असेच, आडवेही असेच. मागावर ते एकमेकांना जागच्या जागी भेटले की नक्षी उगवते. पहिल्यांदा ती उगवताना पाहिली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मास्टरनं घसा साफ केला आणि तिरक्या नजरेनं पाहिलं. हा माणूस सरकारी नोकर आहे का, अशी ती नजर होती.

आता घड्याळाची गोष्ट. चिराल्याचे विणकर रुमालावर विमानं, सिंह, घड्याळंसुद्धा काढत. साहेबांनी मला सांगितलं, काहीतरी नवं काढ, मधोमध. मी घड्याळ काढलं. पांढरी तबकडी, बारा ठिपके, दोन काळे काटे. काटे लावले नऊ वाजून वीस मिनिटांवर.

माझ्या लग्नाचा मुहूर्त नऊ वाजून वीस मिनिटांचा होता.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त तिला मी पत्रात लिहिलं होतं. परीक्षक येतील त्या दिवशी ती मैलापूरला आपल्या मामाकडे असणार होती, आणि त्याच दिवशी केंद्रात भरणारं प्रदर्शन पाहायला मामा तिला घेऊन येणार होता. मी लिहिलं, रुमालाच्या मधोमधलं घड्याळ नीट बघ, त्यात किती वाजलेत ते मला डोळ्यांनी सांग. सरकारी सुतात माझं लग्न गुंफलं जाणार, या कल्पनेनं मला रात्री झोप लागेना.

मास्टरनं कागद पाहिला आणि म्हणाला, "सर, सव्वानऊ करा."

"का?"

"आडवी रेघ सोपी जाते. तिरपा काटा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. पाच मिनिटांसाठी कशाला भांडता?"

"मास्टर, नऊ वीसच हवेत."

"कुणाला हवेत? दिल्लीला?"

मी कानापर्यंत लाल झालो. अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अहो, करा नऊ वीस. तम्मुडूची गाडी असेल तेव्हा."

तीन आठवड्यांनी रुमाल मागावरून उतरला. मी धावतच परसात गेलो. तांबड्या अंगावर काळ्या पट्ट्या, कोपऱ्यांत लहान फुलं, आणि मधोमध घड्याळ. सुंदर होतं. पण काटे! काट्यांच्या कडा विस्कटलेल्या. काळ्याच्या बाजूला तांबूस धुरासारखं काहीतरी, आणि मग पांढरं. दोन्ही काट्यांची टोकं विरघळून गेल्यासारखी. लांब कुठला आणि आखूड कुठला तेच कळेना.

"हे असं का झालं?"

"असंच होतं, सर." मास्टरनं घसा साफ केला. "गाठ कितीही आवळली तरी तिच्या कडेनं रंग थोडा आत शिरतो. पाण्याला कोण अडवणार? आणि विणताना धागा केसभर तरी सरकतो. एक इकडे, एक तिकडे. मी धोट्याच्या दर फेकीला धागा ओढून जागी बसवतो. तरी केसभर राहतंच."

अक्कानं मान वाकडी करून पाहिलं. "पावणेचार वाजलेत की. चहाची वेळ." आणि ती खदाखदा हसली. "थांब तम्मुडू, काजळ आणते, काट्यांना रेघ ओढून देते. दृष्टही लागणार नाही." मास्टरही हसला. मी पण हसलो. मग मला पत्र आठवलं. ती मामासोबत येणार, घड्याळ पाहणार आणि मला डोळ्यांनी सांगणार, पावणेचार.

परीक्षक यायच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. रुमाल दिवाणखान्यात टेबलावर पसरून ठेवला होता. माझ्या टेबलावर रेखाटनाची काळी शाई होती, बारीक कुंचला होता. मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. आणि ठरवलं नव्हतं असंही म्हणता येणार नाही. कुंचला हातात आला. लांब काट्याच्या दोन्ही कडांनी मी एकेक रेघ ओढली, टोकाला अणकुची केली. आखूड काट्यालाही तसंच. पाच मिनिटांचं काम. मागं सरून पाहिलं तर नऊ वाजून वीस मिनिटं, चोख. माझ्या अंगात असा काही आनंद शिरला की मी त्या रिकाम्या दिवाणखान्यात एक गिरकी घेतली आणि स्टुलाला धडकलो.

तीन वाजता मंडळी आली. दिल्लीच्या परीक्षकांत एक वयस्क बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात कापडाचे धागे मोजायचं भिंग. साहेब त्यांच्या मागं मागं. मास्टर आणि अक्का भिंतीशी उभे, नव्या कपड्यांत. मास्टरनं घसा इतक्या वेळा साफ केला की साहेबांनी त्याला पाणी पाजलं. आणि दारातून मामाबरोबर ती आत आली, तपकिरी साडी, डोक्यात कनकांबराची, म्हणजे अबोलीची, माळ. मला त्या खोलीत दुसरं काही दिसेनासं झालं.

बाईंनी कोपऱ्यातली फुलं पाहिली. भिंग लावलं. "वा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "कडा बघा कशा श्वास घेतायत. छापलेल्या कापडाला हे कधी जमायचं नाही. ह्या विस्कटलेल्या कडेसाठीच तर आम्ही इतक्या लांब येतो." मला ते ऐकू आलं. पण तेव्हा ती टेबलाशी पोचली होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं, वर माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या गालाला खळी पडली. नऊ वीस. मी जमिनीपासून वीतभर वर होतो.

बाई मधोमध आल्या आणि थांबल्या. भिंग खाली नेलं. मग त्यांनी रुमालाचा कोपरा धरून तो उलटा केला.

सूतच रंगवलेलं असल्यामुळे अशा रुमालाला उलट-सुलट नसतं. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी. उलट बाजूनं, आरशात दिसावं तसे, घड्याळात दोन चाळीस झाले होते, ते ठीक होतं. पण त्या बाजूचे काटे मऊ, विस्कटलेले, तांबूस धुरासकट. रेघ नव्हती. बाईंनी रुमाल पुन्हा सुलट केला, बोटाला थुंकी लावली आणि ते लांब काट्यावरून फिरवलं. बोट काळं झालं. तेलात मळलेल्या सुतानं माझी शाई पिऊनच घेतली नव्हती.

"हे रंगवलंय," बाई म्हणाल्या. "विणल्यानंतर."

साहेबांनी मास्टरकडे पाहिलं. मास्टरला इंग्रजी कळत नव्हतं, पण काळं बोट कळलं. तो पुढे आला, रुमालाच्या काठाचा एक आडवा धागा चिमटीत धरून त्यानं उपसला आणि उजेडात धरला. तांबडा, पांढरा, काळा, पुन्हा तांबडा, आतपर्यंत रंगलेला. बाईंनी तो घेतला, पाहिला, मान हलवली. "ह्याच्या हाताबद्दल मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "मग रेघ कुणी ओढली?"

साहेबांनी तमिळमध्ये विचारलं. "रेघ कुणी ओढली?"

मी तोंड उघडलं. आज शपथेवर सांगतो, उघडलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मामा माझ्याकडे बघत होता. दोन आठवड्यांवर लग्न. मी तोंड मिटलं.

मास्टरनं बायकोकडे एकदा पाहिलं. मग घसा साफ न करता म्हणाला, "मी ओढली."

अक्कानं कपाळावर हात मारला.

बाईंना खरंच वाईट वाटलं असावं. त्या साहेबांना म्हणाल्या, हात उत्तम आहे, पण नमुन्याच्या कापडावरच फसवणूक करणारा माणूस कायम कसा करायचा? मुदत संपली की परत पाठवा. साहेबांनी मान डोलावली. मामानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या केंद्रात असेही लोक असतात का हो?" मी म्हणालो, "कधी कधी."

संध्याकाळी मी परसातल्या नळावर हात धुवायला गेलो तेव्हा विहिरीच्या पलीकडे दोघं बोलत होते. थोडं तेलुगू मला एव्हाना कळू लागलं होतं.

"तुम्हाला काय गरज होती रेघ ओढायची?" अक्का म्हणत होती. "आयुष्यभर कधी ओढली नाही, आणि आजच?"

"मी? तू ओढलीस. काजळ काजळ कोण म्हणत होतं?"

"मी? मी थट्टा केली!"

"मग ठीक आहे. थट्टा तू केलीस, किंमत मी भरली."

"अहो, मी ओढलीच नाही!"

"बरं, नाही ओढलीस."

"असं नका म्हणू! असं 'बरं' म्हणजे ओढली असंच झालं!"

मग अक्का हसायला लागली. आधी हळू, मग ते तिचं खदाखदा. "माझ्यासाठी खोटं बोललात, अहो, माझ्यासाठी खोटं बोललात. आणि मी काही केलंच नव्हतं." मास्टरही हसला असावा, कारण खोकल्यासारखा आवाज आला. मी नळ उघडा ठेवून तिथंच उभा. बोटांवर शाई अजून होती. दोन पावलं पुढे गेलो असतो तर झालं असतं. त्यांचं हसणं ऐकून मला वाटलं, जाऊ दे, हसतायत की. चोवीस वर्षांच्या माणसाला स्वतःपुरतं काय काय वाटू शकतं ते आता लिहायला लाज वाटते.

माझं लग्न झालं. मुहूर्त नऊ वीसचा होता, लागलं ते पावणेदहाला, कारण भटजींची बस चुकली. बायको मला म्हणाली, "तुमचं घड्याळ मूळचं होतं तसंच बरं होतं. उलट बाजू पाहिली ना मी. त्यात किती वाजलेत कळत नव्हतं, म्हणजे उशीर झाला तरी चाललं असतं." रेघेबद्दल तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिला माहीत होतं असं मला पुढं अनेकदा वाटलं. ती गेली, ते विचारायचं राहिलं.

मुदत संपली आणि मास्टर-अक्का निघाले. त्यांना मद्रास सेंट्रल स्टेशनवर पोचवायला मीच गेलो. केंद्रात आग्रहानं सांगितलं की मी जातो, आणि सायकलवरून सबंध रस्ता ठरवत गेलो की आज सांगायचं. फलाटावर अक्काच्या डोक्यावर टोपली, मास्टरच्या काखेत चौकटीच्या काठ्या. गाडी लागली होती. अक्का डब्याच्या दाराशी म्हणाली, "तम्मुडू, मुलगी झाली की घड्याळ काढू नकोस. फूल काढ. फुलाची कड विस्कटली तरी फूलच राहतं."

मास्टर म्हणाला, "आणि ही काजळ लावायला येईल."

"पुन्हा तेच!"

"बरं, नाही."

"बघ तम्मुडू, मेल्यावरसुद्धा हे मला 'बरं' म्हणणार आहेत!"

दोघंही हसत होते, आणि मला कळलं की हे आता त्यांच्या घरातलं कायमचं भांडण झालंय. ती म्हणणार तुम्ही, तो म्हणणार तू, आणि दोघांनाही आपण खरं बोलतोय हे ठाऊक, पण समोरचा खोटं बोलतोय असंही वाटणार, थोडंसं, एका कोपऱ्यात, जन्मभर. नोकरी गेली ती गेलीच. पण हा कोपरा मी दिला होता.

शिट्टी झाली. गाडी हलली. मी डब्याबरोबर चालायला लागलो, मग धावायला. "अक्का!" मी ओरडलो. ती खिडकीत वाकली. आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. "रेघ मी ओढली! तुम्ही नाही, मास्टरनी नाही! मी ओढली, माझ्या लग्नाच्या वेळेसाठी! मला माफ करा!"

मराठीत.

तमिळ मला येत होतं. मोडकं तेलुगूही बोलता आलं असतं. ऐन वेळी तोंडातून आली ती आईची भाषा, जिच्यातला एकही शब्द त्या दोघांना कळणार नव्हता. आपोआप आली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. अक्कानं मन लावून ऐकलं. मग तिचा चेहरा फुलला, तिनं दोन्ही हात खिडकीबाहेर काढून मला आशीर्वाद दिला आणि आत वळून नवऱ्याला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते ओळखायला तेलुगू लागत नव्हतं: किती जीव आहे बघा मुलाचा आपल्यावर. मास्टरनंही हात हलवला. मी फलाटाच्या टोकापर्यंत धावलो आणि हमालाच्या अंगावर पडलो.

पुढे मी केंद्रात वर चढत गेलो. नवे लोक यायचे, त्यांना मी शिकवायचो की विस्कटलेली कड हा दोष समजू नका, ती गाठीची आणि हाताची खूण आहे. वह्यांत लिहून घ्यायचे ते. चिराल्याला मी एकदाही गेलो नाही. कामानिमित्त विजयवाड्यापर्यंत कितीदा गेलो, गाडी चिराल्याला थांबायची, मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो.

आता ते दोघं नसणार. असते तर शंभरी ओलांडली असती. पण मूलबाळ असेल, पुतणे असतील, आणि त्यांच्या घरात कुणीतरी अजून सांगत असेल की आजोबांनी एकदा मद्रासला रुमालावर रेघ ओढली, किंवा आजीनं ओढली.

हेही मी मराठीतच लिहिलंय, हे मला कळतं. माझ्या वरच्या मजल्यावर गुंटूरकडची एक शिक्षिका राहते. उद्या सकाळी हे कागद घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. मी एकेक वाक्य तमिळमध्ये सांगेन, तिनं तेलुगूत उतरवायचं. पहिलं वाक्य मी पाठ करून ठेवलंय, तेवढं तरी स्वतःच्या तोंडानं तेलुगूत म्हणणार आहे.